पंपिंग चांगले, तरी धाप : हार्ट फेल्युअरच्या दोन रूपांची प्रस्तावना

महाराष्ट्रात हृदयाच्या आजाराबद्दल घराघरांत जी बोली रुळली आहे तिच्यात ‘पंपिंग’ या शब्दाला मोठा मान आहे. टूडी इको काढून आलेल्या रुग्णाला नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो ‘पंपिंग किती आलं?’ हाच, आणि ‘तीस टक्के’ असे उत्तर मिळाले की घरात चिंता पसरते, तर ‘साठ टक्के, एकदम नॉर्मल’ असे मिळाले की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. या शब्दामागची वैद्यकीय संज्ञा आहे इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदयाच्या डाव्या जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के रक्त बाहेर फेकले गेले याचे प्रमाण. हा आकडा उपयोगी आहे, पण त्याला हृदयाच्या संपूर्ण कारभाराचा निकाल मानण्याची चूक इतकी सार्वत्रिक आहे की हार्ट फेल्युअरच्या एका मोठ्या प्रकाराचे निदानच तिच्यामुळे राहून जाते. पुढील विवेचन याच चुकीभोवती फिरणार आहे.

प्रथम हार्ट फेल्युअर या शब्दाचा अर्थ पाहणे आवश्यक आहे, कारण त्याने ‘हृदय बंद पडले’ असा अकारण धसका बसतो. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय थांबणे नव्हे आणि हृदयविकाराचा झटकाही नव्हे. शरीराला लागेल तेवढे रक्त पुरवणे हृदयाला जमत नाही, किंवा ते जमवण्यासाठी त्याला आपल्या कप्प्यांतील दाब वाजवीपेक्षा फार वाढू द्यावा लागतो, ती अवस्था म्हणजे हार्ट फेल्युअर. या व्याख्येतले दोन पर्याय नीट ध्यानात ठेवले तर पुढचे बरेच काही आपोआप उलगडते. डाव्या जवनिकेतला वाढलेला दाब मागे डाव्या अलिंदात आणि तेथून फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत पोचतो, तेथे पाणी झिरपू लागते आणि रुग्णाला चढावर, मग सपाटीवर, मग आडवे पडल्यावरही धाप लागते. उजव्या बाजूचा दाब वाढला की पावलांवर सूज येते. तेव्हा धाप आणि सूज ही लक्षणे वाढलेल्या दाबाची आहेत, आणि इजेक्शन फ्रॅक्शन हा दाब मोजत नाही.

हा मुद्दा अंकगणिताने अधिक स्पष्ट होतो. नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीसारख्या गावातून धाप लागते म्हणून तपासणीला आलेले दोन रुग्ण कल्पावेत. पहिला पंचावन्न वर्षांचा शेतकरी, ज्याला दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेला. दुसरी सहासष्ट वर्षांची गृहिणी, जिला पंधरा वर्षांपासून रक्तदाब आणि त्यामागोमाग मधुमेह आहे, उंची दीड मीटर आणि वजन ५२ किलो, म्हणजे कोणत्याही दृष्टीने लठ्ठ नाही. शेतकऱ्याची डावी जवनिका ताणून मोठी झाली आहे. तिच्यात ठोक्यापूर्वी २०० मिलिलिटर रक्त मावते आणि ठोक्यानंतर १४० मिलिलिटर आतच उरते, म्हणजे ६० मिलिलिटर बाहेर गेले आणि इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्के आले. गृहिणीच्या जवनिकेच्या भिंती जाड आणि पोकळी लहान आहे. तिच्यात १०० मिलिलिटर रक्त भरते, ४० उरते आणि ६० बाहेर जाते, म्हणून इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के. दोघांची नाडी मिनिटाला ८० धरली तर दोघांचीही हृदये मिनिटाला तेवढेच, ४.८ लिटर रक्त शरीराला पुरवत आहेत. एकाच्या अहवालावर ‘पंपिंग निम्मे’ असा शेरा आहे आणि दुसरीच्या अहवालावर ‘नॉर्मल’, पण बाहेर पडणारे रक्त सारखेच आहे आणि धापही सारखीच. (निरोगी माणसाचेही इजेक्शन फ्रॅक्शन शंभर टक्के नसते, साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान असते, त्यामुळे ‘तीस टक्के’ म्हणजे हृदयाचा सत्तर टक्के भाग मेला हा समजही खरा नाही.)

वैद्यकात या दोन चित्रांना दोन नावे आहेत. इजेक्शन फ्रॅक्शन ४० टक्के किंवा त्याहून कमी असेल तर त्याला घटलेल्या इजेक्शन फ्रॅक्शनचे हार्ट फेल्युअर म्हणतात, आणि ५० टक्के किंवा त्याहून अधिक असूनही हार्ट फेल्युअर असेल तर टिकून असलेल्या इजेक्शन फ्रॅक्शनचे; मधल्या ४१ ते ४९ या पट्ट्यातले रुग्ण वागणुकीने बहुतेक पहिल्या गटाकडे झुकतात. सोयीसाठी येथे पहिल्याला ‘सैल हृदय’ आणि दुसऱ्याला ‘ताठ हृदय’ म्हटले आहे. ही नावे पाठ्यपुस्तकातली नाहीत, पण दोष कोठे आहे ते त्यांतून नेमके कळते.

सैल हृदयाची कहाणी बहुधा स्नायूंच्या नाशापासून सुरू होते. झटक्यात हृदयाचा एक भाग मरतो आणि तेथे वणाची ऊती तयार होते जी आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूवर भार पडतो, बाहेर जाणारे रक्त कमी होते आणि मूत्रपिंडांना शरीरात रक्तच कमी आहे असा भास होतो. शरीर मग रक्तस्राव झाल्यावर जे करते तेच येथेही करते: अ‍ॅड्रेनलिनच्या जातीची द्रव्ये सोडून नाडी वाढवते, रेनिन आणि अँजिओटेन्सिन यांच्या साखळीने रक्तवाहिन्या आवळते आणि अ‍ॅल्डोस्टेरॉन या संप्रेरकाने मीठ व पाणी धरून ठेवते. जखमी माणसाला काही तास वाचवण्यासाठी घडलेली ही यंत्रणा महिनोन्‌महिने चालू राहिली की घात करते, कारण आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय आणखी थकते, साठलेल्या पाण्याने आणखी ताणले जाते, आणि हीच संप्रेरके स्नायूपेशींच्या मध्ये तंतू साठवून जवनिकेला लांबट आकारातून गोलाकडे नेतात. पोकळी जितकी रुंद तितका तिच्या भिंतीवरचा ताण अधिक, हा भौतिकीचा नियम असल्याने प्रसरण स्वतःच पुढच्या प्रसरणाला कारण होते. म्हणजे सैल हृदयातील मुख्य शत्रू दुर्बलतेपेक्षा त्या दुर्बलतेला शरीराने दिलेला प्रतिसाद आहे.

हे समजायला वैद्यकाला फार काळ लागला. विल्यम विदरिंग या इंग्लिश वैद्याने १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीवर पुस्तक लिहिले तेव्हापासून जवळजवळ दोन शतके उपचाराचा हेतू दुबळ्या हृदयाला हाकलणे हाच होता. १९८७ साली स्कँडिनेव्हियात हृदय फुगून अगदी अखेरच्या टप्प्यात पोचलेल्या २५३ रुग्णांवर एनालाप्रिल या, अँजिओटेन्सिनची निर्मिती रोखणाऱ्या गोळीचा प्रयोग झाला आणि सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण ४४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. हृदयाला चाबूक न मारता त्याच्यावरचे ओझे उतरवले तर माणसे जगतात हे त्यातून दिसले. बीटा-ब्लॉकरची कथा याहूनही बोधक आहे, कारण हृदयाचा जोर कमी करणारे हे औषध हार्ट फेल्युअरमध्ये निषिद्धच मानले जाई. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये केवळ सात रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला, तो बरीच वर्षे संशयाने पाहिला गेला, आणि १९९९ पर्यंत मोठ्या चाचण्यांनी बायसोप्रोलोल आणि मेटोप्रोलोल ही औषधे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करतात हे सिद्ध केले. त्याच वर्षी अ‍ॅल्डोस्टेरॉनला अडवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यू ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

आज सैल हृदयाच्या उपचाराचे चार खांब मानले जातात: अँजिओटेन्सिनचा मार्ग अडवणारे औषध (शक्य तेव्हा सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन ही जोडगोळी), बीटा-ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा त्याचा भाऊबंद, आणि जिचे वर्णन पुढे येईल ती ‘ग्लिफ्लोझिन’ कुळातील गोळी. लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड सूज उतरवते, पण आयुष्य वाढवल्याचा पुरावा त्याच्याकडे नाही. आणि रुग्ण मात्र नेमके त्याच गोळीला ‘खरी गोळी’ मानतो, कारण तिचा परिणाम त्याला तासाभरात दिसतो. बीटा-ब्लॉकर पाणी उतरल्यावरच आणि फार लहान मात्रेने सुरू करावे लागते, कार्व्हेडिलोल असेल तर ३.१२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि साधारण दर दोन आठवड्यांनी मात्रा दुप्पट करीत न्यावे लागते. पहिल्या दिवसांत थकवा वाढतो आणि गावाकडचा रुग्ण बहुधा त्याच वेळी ‘ही गोळी सोसत नाही’ म्हणून ती सोडून देतो. योग्य उपचार पूर्ण मात्रेत तीन महिने देऊनही इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्क्यांवर किंवा खाली राहिले तर काहींना घातक अनियमित ठोके थांबवणारे यंत्र बसवावे लागते, आणि विद्युत्प्रवाहाच्या डाव्या फांदीत अडथळा असून दोन भिंती वेगवेगळ्या वेळी आकुंचन पावत असतील तर त्यांना एकसंध चालवणारा पेसमेकर लाभदायक ठरतो. चांगल्या उपचाराने कित्येकांचे पंपिंग ३० वरून ५० पर्यंत येते, आणि तेव्हाच सर्वांत घातक चूक होते: गोळ्या बंद केल्या जातात. झटक्याशिवाय झालेल्या सैल हृदयाचे पूर्ण बरे दिसणारे ५१ रुग्ण घेऊन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत ज्या २५ जणांची औषधे क्रमाक्रमाने काढली त्यांपैकी ११ जणांचा आजार सहा महिन्यांत परतला, आणि औषधे चालू ठेवलेल्यांत त्याच काळात एकाचाही परतला नाही. सुधारलेला आकडा हा बहुधा औषधांनी धरून ठेवलेला आकडा असतो.

ताठ हृदयाचा दोष आकुंचनात नसून शिथिल होण्यात आहे, आणि शिथिल होणे ही निष्क्रिय क्रिया आहे हा समज येथे सोडावा लागतो. आकुंचन पावलेला स्नायू मोकळा होण्यासाठी पेशीला आपल्या आतील कॅल्शियम उचलून परत कोठीत भरावे लागते आणि त्याला ऊर्जा खर्च होते. त्याशिवाय स्नायूतील टायटिन नावाच्या भल्या मोठ्या, स्प्रिंगसारख्या प्रथिनाचा ताठपणा आणि पेशींमधील कोलॅजन तंतूंचे प्रमाण यांवर जवनिका रक्ताला किती सहज वाट देते हे ठरते. वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब भिंत जाड करतो. मधुमेह, लठ्ठपणा आणि मूत्रपिंडाचा आजार यांमुळे शरीरभर जी मंद दाह-अवस्था राहते ती हृदयाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराला बिघडवते, त्यामुळे स्नायूला मिळणारा नायट्रिक ऑक्साइडचा संकेत घटतो आणि टायटिन अधिक ताठ होते, असे वॉल्टर पॉलस आणि कार्स्टेन चोपे यांनी २०१३ मध्ये मांडले. वरील गृहिणीच्या बाबतीत त्याचा परिणाम असा, की स्वयंपाकघरात बसल्या जागी तिच्या हृदयातला भरणाचा दाब पाऱ्याच्या १४ मिलिमीटर इतका, जेमतेम मर्यादेत राहतो. पण ती डोक्यावर ओझे घेऊन शेताच्या बांधावरून चालू लागली की नाडी वाढते, नाडी वाढल्याने दोन ठोक्यांमधला भरण्याचा वेळ आखूड होतो, ताठ जवनिका तेवढ्या वेळात मोकळी होत नाही, आणि दाब तीसच्या घरात जातो. म्हणून ती तपासणीच्या टेबलावर निवांत पडलेली असताना काढलेल्या इकोत हा चढलेला दाब सापडत नाही.

या रुग्णांवर सैल हृदयाची औषधे वापरून पाहण्याचा इतिहास मुख्यतः निराशेचा आहे. इरबेसार्टनची मोठी चाचणी २००८ मध्ये निष्फळ ठरली, स्पायरोनोलॅक्टोनची २०१४ मध्ये एकूण निकालात अपुरी पडली, आणि २०१९ मध्ये सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टनने यशाची रेषा अगदी थोडक्यात हुकवली. स्पायरोनोलॅक्टोनच्या चाचणीची गुंतागुंत सांगण्यासारखी आहे: रशियातून घेतलेल्या रुग्णांत औषध घेत असल्याची नोंद असलेल्यांपैकी पुष्कळांच्या रक्तात त्याचा अंशही आढळला नाही, आणि अमेरिका खंडातील रुग्ण वेगळे पाहिले तर फायदा दिसत होता, म्हणून हे औषध निवडक रुग्णांत आजही वापरले जाते.

अपयशाचे मूळ मात्र यंत्रणेतल्या फरकातच आहे. रक्तवाहिन्या सैल केल्या की सैल हृदयासमोरचा अडथळा घटतो आणि ते लक्षणीय जास्त रक्त फेकते, म्हणून रक्तदाब फारसा न पडता फायदा होतो. ताठ हृदय मात्र अडथळा घटल्यावर थोडेच जास्त फेकते आणि रक्तदाब धाडकन उतरतो. फ्युरोसेमाइडचे तसेच: ताठ जवनिकेत थोडे पाणी जास्त झाले तर दाब उंच चढतो आणि थोडे जास्त काढले तर भरणच कमी पडून चक्कर येते, म्हणून योग्य मात्रेची फट येथे फार अरुंद असते. बीटा-ब्लॉकरने नाडी रोखली तर ठोक्यामागचे रक्त वाढवू न शकणाऱ्या हृदयाचा उरलेला एकमेव उपाय, म्हणजे श्रमाच्या वेळी वेग वाढवणे, हाच काढून घेतला जातो. छातीतली कळ किंवा अलिंदाचा अनियमित ठोका असे वेगळे कारण असेल तरच ते ताठ हृदयात द्यावे, केवळ ‘हार्ट फेल्युअर आहे’ म्हणून नव्हे. प्रस्तुत विवेचनाचा एकच व्यावहारिक निष्कर्ष निवडायचा झाला तर हाच निवडावा लागेल, कारण सैल हृदयात जीव वाचवणारी गोळी ताठ हृदयाच्या रुग्णाला रोजच्या रोज थकवत असते आणि तो थकवा आजाराच्या खात्यावर जमा होतो.

पहिला मोठा बदल मधुमेहाच्या औषधांतून आला. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या मूत्रपिंडातून साखर आणि तिच्यासोबत मीठ बाहेर टाकतात. मधुमेह नसलेल्यांतही त्या काम करतात. सैल हृदयात त्यांचा लाभ २०१९ आणि २०२० मध्ये दिसला, आणि ताठ हृदयात एम्पाग्लिफ्लोझिनने २०२१ मध्ये, डॅपाग्लिफ्लोझिनने २०२२ मध्ये हृदयमृत्यू किंवा आजार बळावणे यांचे एकत्रित प्रमाण अनुक्रमे २१ आणि १८ टक्क्यांनी घटवले. हा लाभ मुख्यतः रुग्णालयात पुन्हा भरती होणे टळण्याचा आहे. मृत्यू स्पष्टपणे घटल्याचे ताठ हृदयात अजून दिसलेले नाही. भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट ऑक्टोबर २०२० मध्ये संपल्यावर देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या, ही खानदेशातल्या रुग्णासाठी परदेशी चाचणीइतकीच महत्त्वाची घटना होती. जननेंद्रियाच्या भागात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि उलट्या, जुलाब किंवा कडक उपवास असताना गोळी थांबवावी लागते, हे मात्र रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे. पुढे फिनेरेनोनने २०२४ मध्ये ताठ हृदयात लाभ दाखवला, आणि सेमाग्लुटाइडसारख्या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांनी लठ्ठ रुग्णांची चालण्याची क्षमता सुधारली.

लठ्ठपणाच्या या उल्लेखापाशी महाराष्ट्राचा प्रश्न उभा राहतो. ताठ हृदय ओळखण्यासाठी २०१८ पासून एक गुणपद्धती वापरली जाते: देहभार निर्देशांक ३० च्या वर असेल तर २ गुण, अलिंदाचा अनियमित ठोका असेल तर ३, आणि रक्तदाबाच्या दोन वा अधिक गोळ्या, फुफ्फुसधमनीतला वाढलेला दाब, साठीपुढचे वय व इकोतील वाढलेला भरणदाब यांना प्रत्येकी १, सहा किंवा अधिक गुण म्हणजे निदान जवळजवळ निश्चित. वरील गृहिणीला शेवटचे चारही गुण दिले तरी तिचा निर्देशांक २३ असल्याने बेरीज ४ वरच थांबते, म्हणजे ती ‘अनिश्चित’ गटात राहते; हाच आजार लठ्ठ अमेरिकी स्त्रीला असता तर ६ झाले असते. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटनचे जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये दाखवून दिले होते की दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ असताना युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. वजनकाट्यावर बारीक दिसणाऱ्या मराठी शरीरात पोटाच्या आत चरबी साठलेली असू शकते, आणि दाह घडवणारी चरबी तीच आहे. म्हणून परदेशी मोजमापात बसत नाही एवढ्यावर हे निदान सोडून देणे येथे योग्य नाही. कमरेचा घेर, मधुमेहाचा काळ आणि इकोतील डाव्या अलिंदाचा आकार यांना अधिक वजन द्यायला हवे. डावे अलिंद हे वाढलेल्या दाबाची वर्षानुवर्षांची नोंदवही असते. अहवालात इजेक्शन फ्रॅक्शनखालची ती ओळ वाचली गेली तर अनेक निदाने लवकर होतील. केरळमधील तिरुवनंतपुरमच्या नोंदणीत हार्ट फेल्युअरच्या सुमारे चारांपैकी एकाच रुग्णात इजेक्शन फ्रॅक्शन टिकून होते, तर पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. या फरकाचा एक भाग आपल्याकडच्या तरुण वयातील झटक्यांचा असेल, पण एक भाग न ओळखल्या गेलेल्या ताठ हृदयांचाही असला पाहिजे.

उलट दिशेची चूकही तितकीच शक्य आहे, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तिचे भान अधिक हवे. इजेक्शन फ्रॅक्शन साठ टक्के आणि तरी धाप, असे चित्र असणारा प्रत्येक रुग्ण ताठ हृदयाचा नसतो. लहानपणीच्या संधिज्वराने मायट्रल झडप आकसलेली असेल तर दाब अलिंदातच अडतो आणि जवनिका निर्दोष असते. तेथे गोळ्यांपेक्षा फुग्याने झडप रुंदावणे किंवा शस्त्रक्रिया हा उपाय आहे. क्षयरोगाने हृदयाभोवतीचे आवरण कडक झाले असेल तर हृदय बाहेरून आवळले जाते, मानेच्या शिरा फुगतात, पोटात पाणी होते, आणि ते आवरण काढून टाकले तर रुग्ण पुष्कळदा पूर्ण बरा होऊ शकतो. चुलीच्या धुराने बिघडलेली फुफ्फुसे धापेचे वेगळेच कारण असतात, आणि याच्या उलट, ताठ हृदयाच्या बाईवर ‘दमा’ म्हणून वर्षानुवर्षे पंपाचा उपचार चालल्याचेही आढळते. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल व पावरा वस्त्यांत सिकलसेलचा आजार आहे. त्यात तीव्र रक्तक्षयामुळे हृदयाला सतत जास्त रक्त फिरवावे लागते आणि तरुण वयातच जवनिका ताठ होऊ शकते, म्हणजे वाढलेला प्रवाह आणि ताठपणा एकाच शरीरात भेटतात. अशा रुग्णाची सूज पाहून घाईने फ्युरोसेमाइडची मात्रा वाढवली तर शरीरातले पाणी घटून लाल पेशी कोयत्याच्या आकारात वळण्याला चालना मिळू शकते आणि वेदनेचा तीव्र झटका येऊ शकतो; म्हणून येथे हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची चाचणी इकोच्या आधी, आणि लघवीची गोळी त्यानंतर, मोजून मापूनच द्यावी लागते.